वाचले, समजले

खालापूरच्या रंगाच्या कारखान्यात आबाजी पर्सोनेल ऑफिसर होते. नेमणुकीचे करार इंग्रजीत छापलेले असत आणि गावाकडची माणसं ते न वाचताच सही करत. आबाजींना ते पटत नसे.

चौऱ्याऐंशी साली सखा मुलाखतीला आला. कर्जतकडच्या भातशेतीवाल्या घरातला, बी.एस्सी. झालेला. रंगाची छटा नमुन्याशी हुबेहूब जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मॅनेजरांनी तिथल्या तिथे होकार दिला. जुन्या नोकरीतला वर्षाचा बोनस बुडणार होता, म्हणून रुजू होतानाच तीन हजार देऊ केले.

सखानं करार हातात घेतला. "साहेब, यातल्या शेवटच्या तीन कलमांचा अर्थ काय हो? घरी बाबांना सांगायला लागंल."

आबाजींनी त्याला सविस्तर पत्रच लिहिलं, साध्या मराठीत. नोकरी सोडायची तर तीन महिने आधी लेखी कळवावं, नाहीतर तेवढ्या दिवसांचा पगार भरावा. रुजू होताना मिळालेली रक्कम दोन वर्षांच्या आत सोडल्यास पूर्ण परत करावी लागेल. किती महिने काम केलं ते धरलं जाणार नाही. कायद्यानं मिळणारा वार्षिक बोनस आणि प्रॉव्हिडंट फंड यांना मात्र धक्का नाही. नोकरीत असताना रंगाच्या दुसऱ्या कारखान्याचं काम करायचं नाही, आणि सोडल्यावरही एक वर्ष तशा कारखान्यात जायचं नाही.

त्यापुढे त्यांनी एक ओळ लिहिली होती: 'मात्र नोकरी सोडल्यानंतरची ही बंदी आपल्याकडे कोर्टात टिकत नाही.'

मॅनेजरांनी मसुदा वाचला आणि त्या ओळीवर लाल रेघ मारली. "पगार कोण देतं तुम्हाला, आबाजी?"

ओळ गेली. सखानं पत्र घरी नेलं, दोन दिवसांनी परत आणलं आणि कारखान्याच्या प्रतीवर खाली लिहिलं: वाचले, समजले. त्या दिवशी आबाजींना बरं वाटलं होतं. ओळ गाळली गेल्याचं तोंडी सांगावं असं मनात आलं होतं, पण राहून गेलं.

सव्वा वर्ष झालं. सखा खोपोलीत भाड्याच्या खोलीत राही. गावी त्याच्या वडिलांची नजर गेली. सखाची बायको मैना एकटीच घर सांभाळे, शेत बघे, म्हाताऱ्याला हाताला धरून अंगणात आणी. अशात गावापासून सायकलच्या अंतरावर रंगाचा नवा कारखाना उभा राहिला आणि त्यांनी सखाला बोलावलं. तीन महिने थांबायचीही त्यांची तयारी होती.

सखा आबाजींच्या टेबलापाशी आला. "तीन हजार भरीन साहेब, कबूल हाय. पण त्या एका वर्षाचं काय? पत्रात लिवलंय ना तुमी."

"ती अट टिकत नाही रे," आबाजी हलक्या आवाजात म्हणाले. "तू बिनधास्त राजीनामा दे."

सखानं दिला. मॅनेजरांनी आबाजींच्या त्या पत्राची प्रत, सखाच्या सहीसकट, नव्या कारखान्याला पाठवली आणि सोबत वकिलाची चार ओळींची ताकीद जोडली.

नवा कारखाना अजून पुरता सुरूही झाला नव्हता. कायदा आपल्या बाजूनं आहे हे त्यांच्या वकिलानं त्यांना सांगितलंही असेल. पण एका माणसापायी कोर्टाची पायरी कोण चढणार? त्यांनी दिलगिरी कळवली.

आबाजी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, ते पत्र मी त्याला कळावं म्हणून लिहिलं होतं."

"म्हणून तर उपयोगी पडलं," मॅनेजर म्हणाले. "'मला समजलं नव्हतं' असं आता तो कसं म्हणेल?"

सखानं राजीनामा मागे घेतला. मॅनेजरांनी आढेवेढे न घेता घेऊ दिला. त्यांना माणूस हवाच होता. पुढच्या माघात म्हातारा गेला. निरोप खोपोलीला पोचला तेव्हा सखा पाळीवर होता. तो घरी पोचला तेव्हा माणसं खोळंबून बसलेली होती.

तेराव्याला आबाजी त्याच्या गावी गेले. मैनानं चहा दिला आणि आत गेली. सखा ओटीवर बसला होता, डोकं भादरलेलं.

"एक ओळ होती त्या पत्रात," आबाजी म्हणाले. "त्यांनी खोडली, मी खोडू दिली. निदान तुला तेव्हाच तोंडानं सांगायला हवं होतं."

"तेव्हा सांगितली असती तरी त्यांनी तेच पत्र धाडलं असतं, साहेब."

"असतं. पण मी खोडू दिली नसती, तर त्यात ती ओळ असती."

सखा म्हणाला, "बाबांनी दोनदा वाचून घेतलं व्हतं माझ्याकडून. म्हणाले, मानूस सरळ दिसतो, कर सही."

आबाजींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"उद्या दुपारच्या पाळीला येतो," सखा म्हणाला. "त्या तीन हजारांची दोन वर्षं भरायला अजून पाच महिने हायत."