प्रसेनजितच्या कामाचं माप

एप्रिल उजाडला की नागपूरच्या मुख्य कार्यालयाला एकदम आठवतं, खामगावातही आपली माणसं राबतात. मग मेल येतो: प्रत्येकाची वर्षभराची उद्दिष्टं शनिवारपर्यंत पाठवा, आणि ती मोजता आली पाहिजेत. मोजता आली पाहिजेत, म्हणे! एसीत बसून हे लिहायला काय जातं? खामगावच्या सेवा केंद्राची प्रमुख होती रेवती. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांत कंपनीचे बल्क कूलर बसवलेले, म्हणजे दूध गार ठेवणाऱ्या मोठ्या टाक्या. त्या चालू ठेवायचं काम तिचं, आणि त्यासाठी तिच्याकडे दोन तंत्रज्ञ होते, देवेश आणि प्रसेनजित.

देवेशचं ठीक होतं. तो शहराच्या आसपास फिरायचा, भराभर तक्रारी उरकायचा. प्रसेनजितकडे लांबची गावं, पार जळगाव जामोदच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. गेल्या वर्षी दोघांनाही एकच माप लावलं होतं, रोज चार तक्रारी. तिकडच्या एका टाकीपाशी पोचेपर्यंतच अर्धा दिवस जायचा, चार कुठून होणार? वर्षाच्या शेवटी बिचाऱ्याला सगळ्यात खालचा शेरा मिळाला.

“मॅडम, माह्यं काम तुमी मोजाल कसं?” प्रसेनजित खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. गप्प बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. “मी गेलो, कंडेन्सरची जाळी साफ केली, बायांना सांगितलं का व्होल्टेज पडलं तं मशीन चालू करू नका. मंग मशीन बिघडलंच नाई. जे झालंच नाई ते मोजता का तुमी?”

“तेच मोजू,” रेवती म्हणाली. तिला एकदम सुचलं होतं आणि ती स्वतःवरच खूश झाली. “दुरुस्त केलेली टाकी महिन्याभरात त्याच कारणानं पुन्हा बंद पडली, तर ती तुमच्या नावावर. शंभरात पाचाच्या वर अशा तक्रारी नकोत. किती ठिकाणी गेलात ते मी विचारणारच नाही.”

“हाव, हे बराबर हाये,” प्रसेनजित म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

पुढचे महिने मजेत गेले. प्रसेनजितच्या भागात एकही तक्रार परत आली नाही. एकही! रेवतीनं तो आकडा बैठकीत मुद्दाम दोनदा सांगितला, अकोल्याच्या केंद्रप्रमुखाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. आपण लावलेलं माप कसं चोख आहे, हे तिनं घरी जेवतानाही ऐकवलं.

ऑगस्ट संपता संपता नागपूरहून सुधाकर सरांचा मेल आला. सर सगळ्या केंद्रांचे वरिष्ठ. त्यांनी अगदी गोड शब्दांत लिहिलं होतं, खामगावच्या उत्तर भागातली यंत्रं उत्तम स्थितीत दिसतात, तक्रारी जवळजवळ येतच नाहीत. तेव्हा तिथे स्वतंत्र तंत्रज्ञाची गरज उरलेली नाही. दिवाळीनंतर ती जागा बंद करून प्रसेनजितला रायपूरला पाठवावं.

रेवतीनं मेल पुन्हा एकदा वाचला. प्रसेनजितची बायको सुवर्णा इथे अंगणवाडीत होती. नोकरी सोडून ती रायपूरला जाणार कशी? आणि तो एकटा जाणार कसा? रेवतीनं त्याला तातडीनं बोलावून घेतलं. आला तोही घामाघूम होऊन.

“कुठून आलात?”

“सकाळपासून तीन गावं करून आलो.”

“सिस्टिममध्ये आज तुमच्या नावावर एकही तक्रार नाही, प्रसेनजितभाऊ.”

तो जरा अवघडला. मग म्हणाला, “राहीन कशी? म्या सगळ्यांना सांगून ठेवलं हाये का टोल-फ्रीले लावू नका, माह्या मोबाइलवर लावा. पयलेही लोकं मलेच लावत होते. यंदा तं मी बजावूनच सांगितलं. परत तक्रार आली नाई पाह्यजे, असं तुमीच म्हणलं होतं ना?”

रेवतीला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. माप लावलं, पण मापात काय पडतंय ते एकदाही पाहिलं नाही. माणूस दिवसभर उन्हात फिरत होता आणि कागदावर घरी बसून होता. तिनं प्रसेनजितला रायपूरचं सांगितलं. त्यानं हातातलं हेल्मेट टेबलावर ठेवलं.

“सुवर्णाले काय सांगू मी?” तो म्हणाला.

“अजून काही सांगू नका. आजपासून मोबाइलवर आलेला प्रत्येक फोन आधी टोल-फ्रीवर. फोनवर सांगून मशीन चालू झालं तरी त्याची नोंद. न बोलावता गेलात तरी नोंद.”

महिनाभर प्रसेनजितनं लोकांना हेच पटवलं. पिंपळगाव राजाच्या महिला दूध संघाच्या तानाबाईंना ते मुळीच पटलं नाही. “काऊन रे बापू? नंबर देला तवा तूच म्हणे मावशी, कवाही लाव. आता मले त्या टोल-फ्रीवाल्या पोरीशी हिंदीत बोलाले लावतं?” त्यानं हात जोडले. बाई रुसल्या, पण टोल-फ्रीचा नंबर लिहून घेतला.

महिना संपला आणि तक्रारींचा आकडा असा काही वर गेला की सुधाकर सरांचा फोन लगेच आला.

“रेवती, हे काय? तिथली यंत्रं एकदम सगळी बिघडली?”

“यंत्रं तशीच आहेत, सर. आधी काम होत होतं, नोंद होत नव्हती. चूक माझी. मी परत आलेल्या तक्रारी मोजल्या, आणि तक्रार मुळात नोंदली जाते का, तेच तपासलं नाही.” तिनं नवं माप सांगितलं. परत येणाऱ्या तक्रारी मोजायच्याच, पण आता नोंदलेल्या सगळ्या फोनांतून. शिवाय कापूस पिंजणाऱ्या जिनिंगच्या गिरण्या सुरू झाल्या की कापसाची धूळ कंडेन्सरच्या जाळीत बसते आणि टाकी गार होईनाशी होते, म्हणून हंगामाआधी प्रत्येक टाकीची जाळी साफ झाली की नाही, तेही मोजायचं. “या महिन्याचा आकडा पाया धरा आणि पुढचं त्याच्याशी ताडून बघा.”

सरांनी बरेच प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, “ठीक आहे. जागा राहू दे.”

त्या दिवशी प्रसेनजितनं सगळ्या ऑफिसला कचोरी खाऊ घातली. सुवर्णाला त्यानं सगळी हकिगत सांगितली, तीही आता, धोका टळल्यावर.

पण नव्या पद्धतीत एक गोष्ट कुणी धरलीच नव्हती. टोल-फ्रीवर आलेली तक्रार सिस्टिम जवळच्या मोकळ्या माणसाकडे आपोआप पाठवायची. पिंपळगाव राजा प्रसेनजितच्या भागाच्या अलीकडच्या टोकाला, तिथे देवेश जवळ पडायचा, तोच जायचा. देवेशचं काम चांगलं होतं, टाकी चालू व्हायची. प्रसेनजितचा मोबाइल मात्र आता दिवस दिवस वाजत नसे. तो ऑफिसात आला की उगाच काढून बघायचा आणि परत खिशात ठेवायचा. रेवतीला ते दिसत होतं. मनातून वाईटही वाटत होतं. पण काय करणार?

डिसेंबरात एका सकाळी तिच्यासमोर पिंपळगाव राजाची तक्रार उघडली. ग्राहक, तानाबाई. टाकीचं तापमान चार अंश, कॉम्प्रेसर चालू, दूध चांगलं. तक्रारीचा तपशील कॉल सेंटरच्या मुलीनं बाईंनी सांगितला तसाच उतरवला होता: मशीन ठीक आहे. प्रसेनजित दोन महिने झाले आला नाही. त्याला पाठवा.

सिस्टिमनं ती रीतसर देवेशच्या नावावर टाकली होती. बिघाडाच्या प्रकारांत हा प्रकार कुठेच बसत नव्हता. रेवती जरा वेळ हसली, मग डोळे पुसले. तिनं देवेशचं नाव काढून प्रसेनजितचं घातलं, प्रकारात ‘इतर’ निवडलं आणि त्याला फोन लावला.

“प्रसेनजितभाऊ, पिंपळगाव राजाची तक्रार आहे. तातडीची.”

“काय झालं मॅडम? कॉम्प्रेसर गेला का?”

“तुम्ही जा तर. आणि संध्याकाळपर्यंत परत यायची गरज नाही.”