आण्णांचा प्रोग्राम

आण्णा गेले, आणि कुपवाडच्या त्यांच्या फाउंड्रीत त्यांनीच लिहिलेला वजनाचा प्रोग्राम नव्या संगणकावर चालेना. त्याला जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा जुना संच, लागे. ती घातली की हिशेबाचा नवा प्रोग्राम बंद पडे. त्यांच्या लेकीनं, स्वप्नानं, दोनदा सगळं पुसून पुन्हा भरलं.

"ताई, आता हट्ट सोडा," संगणक बघायला आलेला महेंद्र म्हणाला. "ह्या मशीनच्या पोटात दुसरं, नुसतं सॉफ्टवेअरचं मशीन उभं करू. त्यात आण्णांचा जुना लिनक्स टाकू. आतली जुनी लायब्ररी बाहेरच्या हिशेबाला दिसायचीच न्हाई."

संगणक मुंगीच्या पावलानं चालू लागला, पण पडद्यावर एका चौकटीत आण्णांचा प्रोग्राम उघडला आणि इंग्रजी अक्षरं उमटली: 'चालक आण्णा, हजर.'

"नाव बदलू का?" महेंद्रनं विचारलं.

"नको. तिथं तरी असू देत."

संध्याकाळी ती चौकट मिटवायला स्वप्नाचा हात धजेना.