दुसऱ्या फॉर्ममधलं ‘नाही’

“आप्पा, ताईच्या फॉर्मवर खोटं कुणी लिहिलं?”

हे विचारायची पैज मैत्रिणीनं, निकितानं लावली होती. वक्तृत्व स्पर्धेची ढाल जिंकून आणलीस ना, मग बापाला एवढं विचारून दाखव, असं तिनं जामखेडच्या स्टँडवर सगळ्या पोरींदेखत डिवचलं होतं. धनश्रीनं विचारलं खरं. आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

“एजंटनं. दुसरं कोन?” म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले.

धनश्रीची थोरली बहीण आरतीताई नगरला दवाखान्यात नर्स. पुढं शिकायला कॅनडाला जायचा तिचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. एजंटनं भरलेल्या दुसऱ्या अर्जात ‘पूर्वी कधी व्हिसा नाकारला आहे का?’ या प्रश्नापुढं ‘नाही’ होतं. आता तिकडून पत्र आलं होतं: ही माहिती खोटी दिसते, सात दिवसांत खुलासा करा. खुलासा पटला नाही तर पाच वर्षं दार बंद. त्यातले तीन दिवस सरले होते. उद्या अकराला पुण्याच्या वकीलबाईंशी व्हिडिओ कॉल होता. त्यांच्याकडं कॅनडाच्या व्हिसाची कामं करायचा परवाना होता. त्यांनी मागितलं होतं ते असं: तारीखवार हकीकत, दोन्ही अर्ज जसे गेले तसेच, नकाराचं नि आताचं अशी दोन्ही पत्रं, पासपोर्ट, एजंटचे सगळे मेसेज, आणि विचारायचे प्रश्न. काही वगळू नका, असंही बजावलं होतं. ताई ड्यूटीवर, म्हणून फाईल लावायचं काम धनश्रीकडं आलं होतं.

वहीत तारखा भराभर उतरल्या. मेसेज तेवढे आप्पांच्या मोबाईलात होते. खाली सरकवता सरकवता आप्पांनीच एजंटला आवाजात पाठवलेला एक मेसेज सापडला. दुसरा अर्ज जायच्या दोन दिवस आधीचा.

“जुनं काय बी सांगू नका. मोडलेलं स्थळ नव्या पाव्हण्यांना कुनी सांगतं का?”

धनश्रीनं तो पुन्हा लावून ऐकला. मागं आप्पा उभे होते, कधी आले कळलंच नाही.

“पुसून टाक ते,” ते म्हणाले. आईनं चुलीपाशी पदर तोंडाशी धरला.

पुसायला कितीसा वेळ? पण हाच आवाज एजंटकडंही होता. वकीलबाईंनी सगळा दोष एजंटवर टाकून खुलासा लिहिला आणि त्यानं हा पुढं केला, तर ताई दुसऱ्यांदा खोटी ठरणार होती. धनश्रीनं ताईला फोन लावला, सगळं सांगितलं.

“मी न वाचता सही केली गं,” ताई म्हणाली. “लिही. तेही लिही.”

तारखांच्या मधे एक ओळ वाढली. प्रश्नांत तीन: वडिलांनी सांगितलं, ताईला ठाऊक नव्हतं, तर दोष कुणाचा? ठाऊक नव्हतं हे दाखवायचं कशानं? मुदत वाढवून मागता येते का? अक्षर वेडंवाकडं आलं.

वही मिटून ती उभी राहिली.

“आप्पा, आई, मी हे पुसणार नाही. उद्या वकीलबाईंना आधी हाच आवाज ऐकवायचा, असं मी ठरवलंय. आणि आप्पा, तुम्ही माझ्याशेजारी बसायचं.”