रेषा सरळ झाली तेव्हा

बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा पैसा गुंतवणाऱ्या विभागात, माझं काम एकच: रोज सकाळी सरकारी रोख्यांच्या परताव्याची रेषा काढायची. तिला यील्ड कर्व्ह म्हणतात. डावीकडे तीन महिन्यांचे रोखे, उजवीकडे दहा वर्षांचे. पैसे जितके जास्त काळ अडकणार तितका परतावा जास्त, म्हणून रेषा एरवी चढती असते. गेल्या वर्षी ती उलटली. महागाईपायी मध्यवर्ती बँकेने जवळच्या मुदतीचे दर वर नेऊन ठेवले होते. पुढे धंदा मंदावेल, दर उतरतील, या अंदाजाने सगळे लांबच्या मुदतीच्या रोख्यांवर तुटून पडले. त्यांची किंमत चढली, ठरलेलं व्याज त्या मानाने कमी पडलं आणि परतावा जवळच्यांच्याही खाली घसरला.

मी अहवालात लिहिलं: मंदीची शक्यता, खात्री नाही. धाकटा भाऊ तेव्हा पक्की नोकरी सोडून यंत्रांच्या सुट्या भागांचं वर्कशॉप काढायच्या बेतात होता. त्याला म्हटलं, "थांब जरा." तो बिचारा थांबला. वर्ष उलटलं तरी मंदीचा पत्ता नाही. ऑफिसात माझं नाव पनवती पडलं, घरी भाऊ धुसफुसायला लागला.

मग एका सकाळी रेषा पुन्हा सरळ, म्हणजे चढती झालेली दिसली. साहेबांनी टाळी वाजवली. "संपलं तुझं रडगाणं! ते इशाऱ्याचं पान काढून टाक."

"साहेब, लांबचे दर जागचे हललेले नाहीत. जवळचे धाडकन पडलेत. मध्यवर्ती बँक घाईघाईने दर कापणार, असं बाजाराला वाटतंय. पुष्कळदा मंदी येते ती अशी रेषा सरळ झाल्यावरच."

"उलटी तरी वाईट, सरळ तरी वाईट. तुला बरं कधी दिसतं का गं?"

सगळे खो खो हसले. पान गेलं. माझा नुसता जळफळाट झाला.

दुपारी भावाचा फोन आला. "ताई, बातम्यांत दाखवलं, सरळ झाली तुझी रेषा. दिला राजीनामा!"

"अरे, मागे घे! खरा धोका आता आहे."

"इतके दिवस तुझंच ऐकलं ना? आता पुरे."

त्याचं काही चुकत नव्हतं, हेच मला सहन होईना.

त्याने वर्कशॉप काढलं, पण पुढच्या काही महिन्यांत ऑर्डरी आटल्या. त्याच्या जुन्या कंपनीने भरती बंद केली, वर माणसं काढली. साहेबांनी ते पान परत मागवलं. आपण आधीच सांगितलं होतं, हे वरच्यांना दाखवायला.

रविवारी वर्कशॉपवर गेले. यंत्रांवर प्लास्टिक घातलेलं होतं. भाऊ स्वच्छ फरशी पुन्हा झाडत होता.

"ताई, रेषा कशी आहे गं आता?"

खोटं बोलायचं होतं, जमलं नाही. मंदी आली म्हणून मध्यवर्ती बँकेने जवळचे दर पार तळाला नेले होते.

"चढती आहे. इतकी छान कित्येक वर्षांत नव्हती."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि झाडत राहिला.