खालची खाच

मास्तरांनी बिस्कीट उलटं केलं आणि चष्मा कपाळावर ढकलला. वरून बिस्कीट गोरंगोमटं, लग्नाला निघाल्यासारखं. खालून मात्र तव्याच्या बुडाला लाजवेल असं काळं.

"पुन्हा?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा," सून म्हणाली आणि ट्रे ओट्यावर जरा जोरातच आपटला. मग सासऱ्यांसमोर आपण आपटाआपट केली हे लक्षात येऊन तिने तो परत उचलून अलगद ठेवला.

प्रकरण साधं नव्हतं. कोपऱ्यावरच्या कॅफेच्या मालकिणीने सुनेची बिस्किटं ठेवायला घेतली होती, पण बाई मोठी चोखंदळ. डब्यातलं प्रत्येक बिस्कीट ती उलटं करून बघायची. "वरचं तोंड काय, कुणीही गोड करतं," ती म्हणायची, "मला बूड दाखवा." दोन डबे तिने परत पाठवले होते आणि आता शुक्रवारी मोठी ऑर्डर होती. सगळी बिस्किटं बुडाला सोनेरी निघाली तर कायमचं काम, नाहीतर दुसरी एक बाई रांगेत उभीच होती. सुनेने या कामासाठी दुकानातली उभ्याने करायची नोकरी सोडली होती. त्यामुळे घरात सगळे शुक्रवारचं नाव हळू आवाजात घेत.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बायको गेली तसे ते मुलाकडे राहायला आले आणि पहिले कित्येक महिने मूग गिळून बसले. जेवण वाढलं की जेवायचे, टीव्ही लावला की बघायचे. मग घरात ओव्हन आला. त्याच्या पोटात दोन्ही बाजूंना तीन खाचा होत्या, वरची, मधली, खालची. सुनेने सहज विचारलं, "बाबा, ट्रे कुठल्या खाचेत घालू?" आणि मास्तरांमधला मास्तर खडबडून जागा झाला. ओव्हनच्याच खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यांनी चित्र काढलं, बाण काढले. गरम हवा हलकी, ती वर जाते. माळ्यावर उकडतं, तळमजल्यावर गार असतं. म्हणून ट्रे खालच्या खाचेत, तिथे बिस्किटं सबुरीने भाजतील. दुसऱ्या दिवशी स्वतः बाजारात जाऊन त्यांनी एक काळा, गुळगुळीत, पातळ ट्रेही आणला, काही चिकटत नाही म्हणे त्याला. सुनेचा जुना चंदेरी जाड ट्रे त्यामुळे गॅलरीत कुंड्यांखाली गेला. पुठ्ठा मात्र अजून ओट्यामागच्या भिंतीला चिकटपट्टीने लावलेला होता.

आता गंमत अशी की सगळीच बिस्किटं जळत नव्हती. मास्तर रोज संध्याकाळी फिरायला जायचे. ते परत येईपर्यंत एक घाणा झालेला असायचा आणि त्या घाण्याची बुडं काळी नसायची. तपकिरी असायची, कॅफेवालीला चालतील अशी नव्हेत, पण माणसांनी खावीत अशी. पीठ तेच, हात तोच, ओव्हन तोच. मग दुपारी जळतात आणि संध्याकाळी का नाही?

मास्तरांना या कोड्याने पछाडलं. त्यांना वाटलं, दुपारी विजेचा दाब जास्त असेल. मुलाने सांगितलं, उलट, दुपारी सगळ्यांचे पंखे चालू असतात, दाब कमीच असतो. मग त्यांना वाटलं, पीठ संध्याकाळपर्यंत मुरत असेल. एकदा सकाळचं पीठ दुपारपर्यंत मुरवलं, तेही जळालं. एका क्षणी तर त्यांच्या मनात आलं, माझीच नजर लागते की काय! जन्मभर मुलांना अंधश्रद्धेवर भाषणं दिलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लागला, म्हणजे प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं बघा.

गुरुवारी सून लोणी आणायला बाहेर पडली. मास्तरांनी बॅटरी घेतली आणि गार ओव्हनमध्ये डोकं घातलं. खालच्या खाचेत तूप आणि काजळी बसलेली, ते ठीक. वरची खाच कोरी. पण मधल्या खाचेत ताज्या ओरखड्यांच्या रेघा होत्या आणि कडेला साखरेचा चुरा. मधली खाच तर या घरात कुणी वापरतच नव्हतं. निदान मास्तरांच्या माहितीत.

ते मागे सरले आणि खुर्चीवर बसले. मग शिक्षकाची जुनी खोड वर आली. अंदाज कशाला, करून बघू. पावाचे तीन काप घेतले आणि प्रत्येक खाचेतल्या जाळीवर एकेक ठेवला, एकाखाली एक येणार नाहीत असे, एक डावीकडे, एक मध्ये, एक उजवीकडे. ओव्हन लावला आणि काचेसमोर स्टूल टाकून बसले. तळाची सळी हळूहळू लाल झाली. केक-बिस्किटांच्या बटणावर तेवढी एकच सळी पेटत असे. मास्तर आज पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघत होते.

काप बाहेर काढले. वरच्या खाचेतला काप पाठीवर जास्त रंगला होता, कारण वर खरोखरच गरम हवा साचलेली होती आणि तापलेलं छतही जवळ होतं. मधल्याला दोन्हीकडे सारखा रंग. खालच्याची पाठ पांढरी आणि पोट कोळसा.

"अरे देवा," मास्तर स्वतःशीच म्हणाले.

हवा वर जाते हे खोटं नव्हतंच. पण ट्रे काय नुसत्या हवेनेच तापतो? लाल सळी शेकोटीसारखी सरळ समोर उष्णता फेकते, तिला हवेची गरजच नाही. खालच्या खाचेतला ट्रे म्हणजे शेकोटीत पाय घालून बसलेला माणूस. त्याचे तळवे भाजणार आणि डोकं गार राहणार. वहन, अभिसरण, प्रारण, ही तिन्ही नावं त्यांनी किती वर्गांकडून घोकून घेतली होती! आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात एकट्या अभिसरणालाच, त्या वर जाणाऱ्या हवेलाच, पाट मांडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग बाकीचं कोडं आपोआप सुटलं. सून त्यांच्यासमोर ट्रे खाली घालत होती. ते फिरायला गेले की मधल्या खाचेत.

शुक्रवारी सकाळी सून पिठाचे गोळे करायला बसली. तिचा चेहरा उतरलेला होता. आज दिवसभर भट्टी चालवायची होती आणि बाबा दिवसभर घरात. मास्तरांनी टोपी घातली, छत्री घेतली.

"मी जरा वाचनालयात जातो. संध्याकाळपर्यंत येईन."

"इतका वेळ? जेवण?"

"बाहेर काहीतरी खाईन. तू तुझं काम कर."

तिच्या तोंडावर आलेला आनंद तिला लपवता आला नाही. मास्तर जिना उतरले. चांगली युक्ती, त्यांना वाटलं. तिने माझी लाज राखली, मी तिची ऑर्डर राखतो, कुणाला काही बोलायला नको.

फाटकाशी ते थबकले. संध्याकाळची बिस्किटंसुद्धा सोनेरी कुठे होती? तपकिरी होती. मधल्या खाचेत घालूनही. म्हणजे अजून काहीतरी उरलं होतं. उन्हात उभ्या स्कूटरच्या काळ्या सीटवर त्यांनी सहज हात टेकला आणि चटका बसून उचलला. शेजारच्या स्कूटरच्या सीटला पांढरं कव्हर होतं, ती त्याच उन्हात नुसती कोमट. मास्तरांनी पुन्हा काळीला हात लावून बघितला, पुन्हा चटका बसला, आणि त्यांना स्वतःची बाजारातली फेरी आठवली. काळा ट्रे. पातळ ट्रे. सासऱ्याने प्रेमाने आणलेला, म्हणून त्याच्यावर सून कधीही, मेली तरी, संशय घेणार नाही.

ते जितक्या वेगाने जिना चढले तितक्या वेगाने गेल्या कित्येक वर्षांत चढले नव्हते.

सून ओव्हनपाशी होती. काळा ट्रे मधल्या खाचेत अर्धा आत गेलेला. सासऱ्यांना दारात बघताच तिने तो बाहेर ओढला आणि खालच्या खाचेकडे नेला.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "मधलीच बरोबर आहे. खालची चुकीची. मी चुकीचं सांगितलं."

ती ट्रे धरून तशीच उभी राहिली.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"दुसऱ्याच दिवसापासून," ती खाली बघत म्हणाली. "चुकून मधे घातला गेला होता."

"मग बोलली का नाहीस गं? तोंडाला काय कुलूप होतं? तुझं काम जायची वेळ आली!"

"सांगणार होते बाबा. रोज ठरवायचे." तिने ट्रे ओट्यावर ठेवला. "पण आई गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदा एवढं बोललात ना त्या दिवशी. बाण काढत होतात, हसत होतात. ह्यांनी मला आत येऊन विचारलं, बाबा हसतायत का गं? मला ते पुसायला नको वाटलं."

मास्तर गॅलरीत गेले, कुंड्या बाजूला केल्या आणि मातीने माखलेला जुना चंदेरी ट्रे घेऊन आले. घासणी घेऊन घासायलाच बसले.

"अहो बाबा, मी घासते! आणि तो कशाला? तुमचा चांगला आहे की."

"माझा काळा आहे. काळं उष्णता गिळतं, चकचकीत परत फेकतं. शिवाय पातळ, लगेच तापून बिस्किटाच्या बुडाला चटका देतो. तुझा जाड आहे, सावकाश तापेल."

"म्हणजे तुमचा टाकायचा?" तिला खरंच वाईट वाटलं.

मास्तर घासता घासता थांबले. "टाकायचा कशाला? तुझ्या ट्रेखाली घाल. एकावर एक. मधे हवेची पातळ फट राहील, ती उष्णता हळू सोडेल. चटके माझा ट्रे खाईल. फक्त बिस्किटं थोडी जास्त वेळ ठेव."

पहिला घाणा निघाला तेव्हा दोघंही उलटं करायला घाबरत होती. शेवटी सुनेने डोळे मिटून एक उलटलं. मास्तरांनी बघितलं. वरून जसं तसंच खालून, कडेला किंचित गडद, बाकी सोनेरी.

"उघड डोळे," ते म्हणाले.

सुनेचा जीव भांड्यात पडला. घाण्यामागून घाणे निघाले. मधल्या वेळात मास्तर पेन्सिल घेऊन भिंतीवरच्या पुठ्ठ्याशी गेले. "खोडू नका हं!" ती ओरडली. "खोडत नाही," ते म्हणाले, "अर्धं राहिलंय ते पुरं करतोय," आणि तळाच्या सळीतून त्यांनी वर, सरळ, बाणांची एक नवी रांग काढली.

कॅफेवाली संध्याकाळी स्वतःच डबे न्यायला आली. तिने एक बिस्कीट उलटलं, दुसरं उलटलं, मग तिसरं न उलटताच खाल्लं. "पुढच्या शुक्रवारी एवढीच," म्हणाली आणि गेली.

शेवटचा घाणा घरासाठी होता. सुनेने घड्याळाकडे बघितलं आणि सवयीने म्हणाली, "बाबा, तुमची फिरायला जायची वेळ झाली."

मास्तरांनी स्टूल ओव्हनच्या काचेसमोर ओढलं आणि बसले.

"आज नाही जात," ते म्हणाले. "एकदा मी घरात असताना सोनेरी होऊ दे."