गणोजींचे कान आणि कंपनीची बस

देवासला नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाचा हिशेब ठरलेला असतो. हिंदीत बोललेलं गावाचं, मराठीत बोललेलं घरचं. बायको दुकानदाराच्या तोंडावर नवऱ्याला मराठीत सांगते, “लुटतोय मेला, चला इथून.” दुकानदाराचं अर्धं गिऱ्हाईक मराठी. तो मान वळवून हसतो आणि भाव तोच ठेवतो.

पर्सोनेल ऑफिसातल्या स्वानंदचाही हिशेब हाच. सकाळी कंपनीच्या बसमध्ये, पहिल्याच बाकावर बसून तो मित्राला म्हणाला, “प्रेस शॉपच्या, त्या पत्रे ठोकणाऱ्या मशिनींवरच्या, गणोजीकाकांना कमी ऐकू येतंय रे. डॉक्टरांचा रिपोर्ट मीच टाइप केला. आता कसले सुपरवायझर होतात.”

ड्रायव्हरचं बालपण धारला, मराठी गल्लीत गेलेलं. त्याने गेटवर सांगितलं, गेटने कँटीनला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रेस शॉपची पोरं गणोजींसमोर नुसतेच ओठ हलवू लागली, आवाजाशिवाय. सगळं टेबल हसत होतं. गणोजी डबा तसाच टाकून पर्सोनेल ऑफिसर शैलाताईंसमोर येऊन उभे राहिले.

“बाई, ऐकायला कमी येतं मला,” ते म्हणाले. “हसलेलं मात्र सगळं दिसतं. प्रेसच्याच आवाजात कान गेले आणि आता त्याचीच चेष्टा. बढतीचं काय ते आत्ताच सांगा. पोरांकडून ऐकायला लावू नका.”

“बढतीचा निर्णयच झालेला नाही, गणोजी. आणि तो बसमध्ये होणारही नाही.”

रिपोर्ट स्वानंदच्या हातून गेला होता, हे शैलाताईंना ठाऊक होतं. गणोजी गेल्यावर त्या रागाने तरातरा स्वानंदच्या टेबलापर्यंत गेल्या, तोंड उघडलं, आणि आजूबाजूच्या चार टेबलांचे कान बघून मिटलं. “केबिनमध्ये ये. दार लावून घे.”

स्वानंद नाकारत बसला नाही. त्याला गुन्हाच कळला नव्हता. “पण मॅडम, मी हिंदीत कुठं बोललो?”

“म्हणजे मराठीत अब्रू काढलेली चालते?”

“उनको नीचा दिखाना नव्हतं मला. असंच, बोलून गेलो.”

“आपल्याला आतली बातमी असते, हे मित्राला दाखवायचं होतं. त्यासाठी दुसऱ्याचे कान खर्ची टाकलेस. आणखी कुणाला सांगितलंस? अजून कुणाचं काही?”

त्याने आठवून सांगितलं. फक्त मित्राला, फक्त हेच. शैलाताईंनी मित्राला आणि ड्रायव्हरलाही एकेकटं बोलावून विचारलं. हिशेब जुळला.

फॅक्टरी मॅनेजर उदाजीरावांचा हिशेब छोटा होता. “काढून टाका त्याला. आजच.”

“काढलं तर गेटवर लोक विचारतील, कशासाठी? म्हणजे कँटीनमध्ये पुन्हा गणोजींचीच चेष्टा. पहिली चूक आहे, हेतू वाईट नाही, पण नुकसान खरं आहे. त्याचा लेखी खुलासा घेते, लेखी ताकीद देते. कुणाचेही खासगी कागद सहा महिने त्याच्या हाती नाहीत. पुन्हा घडलं तर मी स्वतः काढा म्हणेन.”

“फारच मवाळ.”

“मवाळ? मग दुसरंही ऐका साहेब. डॉक्टरांचा रिपोर्ट टायपिंगला पर्सोनेलमध्ये आलाच कशाला? कंपनीच्या दवाखान्याचा टाइपरायटर बिघडलाय आणि दुरुस्तीची चिठ्ठी तुमच्या टेबलावर पडून आहे. पोरगं बडबडलं, पण पेटी आपणच उघडी ठेवली होती.”

उदाजीरावांनी चिठ्ठी शोधली, सही केली आणि पुढे सरकवली.

त्या आठवड्यापासून रिपोर्ट दवाखान्याच्या कपाटात, कुलपात. पर्सोनेलला एवढंच कळणार की माणूस कुठल्या कामाला योग्य. ऑफिसच्या सगळ्यांना बसवून शैलाताईंनी नियम समजावला, गणोजींचं नाव न घेता. ओठ हलवणाऱ्या पोरांना फोरमनने वेगळं घेतलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की कानांना संरक्षण हवं, जागा प्रेसपासून लांब हवी, सुपरवायझरीला हरकत नाही.

स्वानंदने गणोजींची माफी मागायची, पण ती गणोजींना हवी असेल तर आणि हवी तिथेच, असं शैलाताईंनी त्याला बजावलं. गणोजींनी शैलाताईंच्याच केबिनमध्ये यायचं कबूल केलं. स्वानंद खाली बघत पुटपुटला, “काका, माफ करा.”

“वर बघून बोल. ओठ दिसू देत.”

त्याने वर बघून पुन्हा म्हटलं.

“ऐकलं,” गणोजी म्हणाले. “माफ केलं नाही अजून. नोकरी कर नीट.” मग शैलाताईंकडे वळून त्यांनी विचारलं, “बढतीच्या निर्णयाचा कागद तरी कोण टाइप करणार?”

“मी,” शैलाताई म्हणाल्या, आणि उठून त्यांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं.