बायकोची मैत्रीण

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे हं, आणि भिंतीला चुना फासायचाही नव्हे. मी अक्षरांचा ब्रश आहे. खारीच्या शेपटीचे मऊ लांब केस, पितळेची कडी आणि बोटाएवढा जाड लाकडी दांडा, असा माझा देह. आज माझे केस लाकडासारखे कडक झाले आहेत आणि मी एका काचेच्या बरणीत उभा आहे. पण माझ्याकडे बघून चुकचुकू नका. मला चुकचुकणं आवडत नाही. आधी ऐका.

कारखान्यात एका कारागिराने माझे केस निवडून, सारखे करून, दोऱ्याने आवळून कडीत बसवले. पेंटरने मला दुकानातून उचललं तेव्हा अंगठ्यावर माझं टोक दाबून पाहिलं आणि सोडलं. मी चटकन सरळ झालो. “हा चालेल,” पेंटर म्हणाला. झालं, माझी नेमणूक झाली.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. सगळी गल्ली त्याला पेंटरच म्हणायची, त्याची बायकोसुद्धा. आम्ही दोघांनी न्हाव्याची पाटी केली, औषधांच्या दुकानाची केली, दातांच्या डॉक्टरची तर तीनदा केली, कारण दर वेळी डॉक्टरला आपलं नाव लहान वाटायचं. आधी दोन रेघा आखायच्या, मग काठीवर मनगट टेकवायचं, श्वास रोखायचा आणि मला एका दमात ओढायचं. माझ्यासारखी वेलांटी वळवणारा दुसरा ब्रश पेंटरच्या डब्यात नव्हता. मी बढाई मारत नाही, पेंटर स्वतः म्हणायचा.

मग मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या. सकाळी सांगा, दुपारी घेऊन जा. आमचं काम आटत आटत बंदच पडलं. पेंटर घरी बसला आणि मी डब्यात पडलो. पण एक काम उरलं होतं, घरच्या भिंतीचं.

त्या घरात बैठकीच्या खोलीची एक अख्खी भिंत फोटोंनी भरलेली आहे. प्रत्येक फोटोच्या काचेवर, खालच्या बाजूला, पेंटरने माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली आहे. तिचा नियम कडक. नाव नाही, तारीख नाही, कौतुक नाही. फक्त कोण, आणि काय करताना. ‘वडील, सायकलमध्ये हवा भरताना.’ ‘लेक, शाळेत न जाण्यासाठी रडताना.’ ‘बायको, भांडण संपल्यावर.’ या शेवटच्या ओळीवरून पुन्हा भांडण झालं होतं, ते वेगळं.

लिहून झालं की पेंटर मला तसाच टाकून हात धुवायला जायचा. कलाकार ना! मग मला उचलायच्या त्या मावशी.

मावशी या घरात स्वयंपाक आणि वरकाम करायच्या. लेक लहान असताना आल्या, आणि लेकीचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली तरी येत राहिल्या. त्या मला आधी रॉकेलमध्ये खळबळायच्या, मग कोमट पाण्याने आणि साबणाने धुवायच्या. केसांत अडकलेला रंग नखाने अलगद काढायच्या. शेवटी तेलाचं एक बोट लावून टोक काढायच्या आणि मला आडवं ठेवायच्या. “उभा ठेवला की कंबर मोडते याची,” असं त्या पेंटरच्या बायकोला म्हणायच्या, आणि दोघी हसायच्या. त्या दोघींचं हसू मला डब्यातूनही ओळखू यायचं.

पुढे पेंटरची बायको आजारी पडली आणि एका हिवाळ्यात गेली. त्यानंतर घरात इतकी शांतता झाली की नळ टपकला तरी दचकायला व्हायचं. पेंटर बोलेनासा झाला. मावशी यायच्या, कामं करायच्या, भिंतीवरचे सगळे फोटो पुसायच्या आणि जायच्या. त्या भिंतीवर मावशींचा फोटो नव्हता. पेंटरच्या ते लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू.

मग मावशींनी सांगितलं की त्या आता काम सोडणार. गुडघे जिने चढू देईनात, आणि बहीण एकटी असते तिच्या गावी. “दोघी मिळून राहू म्हणते. तीही वाट बघतेय,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी पेंटरने चहा तसाच गार होऊ दिला.

निरोपाच्या दिवशी लेक आली. तिने मोबाइलमधला एक जुना फोटो मोठा करून, चौकट करून आणला होता, मावशींना भेट द्यायला. फोटोत तिची आजारी आई पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि मावशी पलंगाच्या कडेला. दोघींच्या मध्ये शाल पसरलेली. आई डोळे मिटून हसत होती.

“बाबा, यावर तुम्ही ओळ लिहा. मी लिहून आणलंय,” लेक म्हणाली आणि मोबाइलवरून वाचू लागली. “‘कामाला आल्या आणि घरच्यासारख्याच झाल्या. आमच्यासाठी आयुष्यभर राबलेल्या, आईची निःस्वार्थ सेवा करणाऱ्या, आमच्या लाडक्या मावशी.’ हेच मी सगळ्यांना ग्रुपवरही पाठवणार आहे.”

“राबलेल्या?” पेंटर म्हणाला. “त्यांना वाचून कसं वाटेल? आणि घरच्यासारख्या म्हणजे काय गं? घरच्या नाहीत, हेच सांगतेस की तू.”

“मग तुम्ही सांगा. मला तर रडूच येतंय लिहिताना.”

“रडू तुझं, फोटो त्यांचा,” पेंटर म्हणाला. पण तो रागाने बोलला नाही. “भिंतीचाच नियम लावू. कोण, आणि काय करताना.”

कितीतरी दिवसांनी त्याने मला उचललं. साबणाच्या कोरड्या वडीने काचेवर दोन रेघा आखल्या. पांढरा रंग ढवळला, मला त्यात बुडवून डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी सपाट केलं, काठीवर मनगट टेकवलं आणि श्वास रोखला. त्याची सवय मोडली होती. मी जमेल तेवढं सांभाळून घेतलं. ओळ झाली, ‘मावशी, बायकोची सेवा करताना.’

मावशी आपली पिशवी घेऊन आल्या. आज त्या कामाला आल्या नव्हत्या, म्हणून लेकीने त्यांना खुर्चीवर बसवलं. त्या जरा अवघडल्या. पेंटरने चौकट त्यांच्यासमोर धरली. “रंग ओला आहे, हात लावू नका.”

मावशींनी ओळ वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. चेहरा काही फुलला नाही. लेकीने विचारलं, “आवडलं नाही का, मावशी?”

“छान आहे गं. अक्षर तर काय, दादांचं अक्षर!” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदर नीट केला. “पण दादा, खरं सांगू? रागावणार नसाल तर.”

“सांगा ना.”

“त्या वेळी मी सेवाबिवा काही करत नव्हते. आम्ही पत्ते खेळत होतो.”

पेंटरने चौकट डोळ्यांजवळ नेली. “पत्ते? कुठे आहेत पत्ते?”

“शालीखाली. ही पोरगी आली आणि हिच्यामागे तुमची पावलं वाजली, तसे वहिनींनी लपवले. पडून राहायला सांगितलं होतं ना त्यांना, तुम्ही ओरडला असता. ही पाहा, कोपऱ्यात कड दिसतेय एका पत्त्याची.”

लेकीने वाकून पाहिलं. “अगंबाई! दिसतेय खरंच!”

“रोज खेळायचो, कामं उरकली की. वहिनी पत्ते चोरायच्या, बरं का. त्या दिवशी मात्र मीच जिंकले होते. म्हणून तर त्या तशा हसतायत.”

पेंटर खुर्चीत बसला. त्याच्या बायकोचा रोजचा एक तास त्याला ठाऊकच नव्हता. “मला का नाही घेतलंत कधी खेळायला?” त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला.

“वहिनी म्हणायच्या, पेंटर हरला की दोन दिवस तोंड फुगवतो.”

लेक हसली. पेंटरही हसला आणि हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मग तो म्हणाला, “मावशी, चुकलंच माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं. सांगा, काय लिहू? कोण म्हणून लिहू?”

मावशींनी फार विचार केला नाही. “तुमच्या घरात मी कामाला होते, त्यात लाजायचं काही नाही. चोख केलं काम. पण या फोटोत मी वहिनींची मैत्रीण आहे. तेवढं लिहा.” मग म्हणाल्या, “आणि फोटो मी नेत नाही. मला तो दिवस पाठ आहे. इथे भिंतीवर लावा. इतकी वर्षं ही भिंत पुसली, दादा. पुसताना कधीकधी वाईट वाटायचं.”

लेकीने मोबाइलवर लिहिलेला मजकूर पुसून टाकला. “मावशी, ग्रुपवर टाकू का? की नको?” तिने विचारलं. मावशी म्हणाल्या, “टाक. पण पत्त्यांचं नक्की सांग.”

पेंटरने फडक्याला टर्पेंटाइन लावून ओली ओळ पुसली, काच लख्ख केली आणि पुन्हा रेघा आखल्या. या वेळी मला काही सांभाळून घ्यावं लागलं नाही. मला आठवतं त्याप्रमाणे त्या ओळीतली एकही वेलांटी चुकली नाही. ‘बायकोची मैत्रीण, पत्त्यांत जिंकल्यावर.’

त्याने चौकट ‘बायको, भांडण संपल्यावर’च्या शेजारी टांगली. मावशींनी उभं राहून पाहिली आणि पदराने नाक पुसलं. “आता बरोबर,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात गाडीची वेळ झाली. लेकीने पिशवी उचलली, पेंटरने दाराला कुलूपही न लावता चपला घातल्या, आणि दोघंही मावशींना गाडीत बसवून द्यायला गेले. लेक तिकडूनच आपल्या गावी गेली. पेंटर एकटा परत आला.

मी रंगाने माखलेला तसाच पडून होतो. सवयीने वाट बघत होतो, आता रॉकेलचा वास येईल, आता कोमट पाणी येईल म्हणून. पेंटर भिंतीसमोर खुर्ची ओढून बसला आणि बसूनच राहिला. मला धुवायचं असतं, हे मावशी आल्यापासून तो पार विसरून गेला होता. सकाळी त्याने मला उचललं तेव्हा मी दगड झालो होतो. त्याने मला रॉकेलमध्ये बुडवलं, चोळलं, नखाने खरवडलं. सगळं केलं, पण उशिरा. शेवटी मला हातात धरून तो मोठ्याने म्हणाला, “मावशी असत्या तर...”

मला त्याने फेकलं नाही. बरणीत ठेवलं, तेही उभं. कंबर मोडते याची आठवण त्याला कोण देणार! आता दोघं एकटे असतो आम्ही. तो रोज भिंत पुसतो, स्वतः. त्या चौकटीशी आला की फडकं थांबतं, आणि तो ओळ वाचतो.

मित्रांनो, ब्रश वापरलात तर लगेच धुवा, आणि आडवा ठेवा. आणि कुणाला निरोपाची ओळ लिहायची झाली, तर तो माणूस दारात असतानाच विचारून घ्या, तुम्ही कोण म्हणून लिहू? मी आता पुन्हा कधी लिहिणार नाही. पण मला त्याचं तितकं दुःख नाही. माझ्या केसांत जो रंग वाळून बसला आहे ना, तो मावशींच्या ओळीचा आहे.